मेलमध्ये न लिहिलेली गोष्ट

थर्मामीटर तपासून देणाऱ्या त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंना सगळे तोंडावर 'मॅडम' म्हणत आणि पाठीमागे 'दशांशबाई'. नाव कोणी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण का ठेवलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत बाईंनी दशांश चिन्हानंतरचा एकही आकडा कुणाच्या मर्जीवर सोडला नव्हता. हॉस्पिटलच्या लसींच्या फ्रिजपासून बेकरीच्या भट्टीपर्यंत सगळीकडचे थर्मामीटर त्यांच्या टेबलावर यायचे, खऱ्या तापमानाशी ताडून पाहिले जायचे आणि बाईंची सही असलेलं प्रमाणपत्र घेऊन परत जायचे. आपल्या सहीचा त्यांना भारी अभिमान. तो लपवायची त्यांना कधी गरज वाटली नाही.

सोमवारी सकाळी नऊला त्यांनी संगणक उघडला, तर सगळ्यात वर इंटर्न मुलीचा मेल. विषय असा: 'इंटर्नशिप संपल्यावर पूर्णवेळ नोकरीसाठी माझा विचार व्हावा, ही विनंती.' एक प्रत एचआरला.

या मुलीलाही प्रयोगशाळेत नाव मिळालं होतं, 'कशावरून'. पहिल्याच दिवशी तिला सांगितलं की बर्फाच्या भांड्यात थर्मामीटर दहा मिनिटं ठेवायचा. ती म्हणाली, "दहाच कशावरून?" जुने तंत्रज्ञकाका निवृत्तीच्या वाटेवर होते, त्यांनी कपाळाला हात लावला. मग ती स्वतःच दर मिनिटाला आकडा लिहीत बसली आणि सातव्या मिनिटानंतर तो हलत नाही हे तिनं पाहिलं. दहा मिनिटं ठेवणं बरोबरच होतं, पण आता ते का बरोबर होतं हे तिला ठाऊक होतं. काका मनातून खूश झाले, तोंडानं मात्र म्हणाले, "ही आपल्याला सुखानं निवृत्त होऊ देणार नाही."

बाईंनी मेल वाचला. मुलीनं लिहिलं होतं की इंटर्नशिप संपायला अठरा दिवस उरले आहेत. सहा महिन्यांत तिनं देखरेखीखाली दोनशे बारा थर्मामीटर तपासले. संदर्भ थर्मामीटरच्या मागच्या सात वर्षांच्या नोंदींचा आलेख काढला. बर्फाचं भांडं कसं तयार करायचं याची कार्यपद्धती नव्यानं लिहिली, आणि ती आता वापरात आहे. काका निवृत्त झाल्यापासून त्यांची जागा रिकामी आहे, त्या जागेसाठी किंवा तिच्याजोग्या कुठल्याही जागेसाठी विचार व्हावा. शेवटी एक ओळ होती: 'जागा नसेल तर तसं स्पष्ट कळवावं, म्हणजे मला वेळेत दुसरीकडे अर्ज करता येईल. पण मला इथेच काम करायचं आहे.'

कुठे लाडीगोडी नाही, रडगाणं नाही. 'आपली कृपा होईल' वगैरे काही नाही. बाईंना मेल आवडला. त्यांनी तो दुसऱ्यांदा वाचला, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की त्यात एक गोष्ट नाही. सगळ्यात मोठी गोष्टच नाही.

ती गोष्ट काय होती ते आधी सांगायला हवं.

प्रयोगशाळेत एक संदर्भ थर्मामीटर असतो. बाकी सगळे त्याच्याशी ताडून पाहायचे. पण तोही माणसांसारखाच, थोडासा चुकतोच. म्हणून दरवर्षी तो वरच्या दर्जाच्या प्रयोगशाळेत तपासायला जातो, आणि तिथून त्याचं प्रमाणपत्र येतं. सहा वर्षं तो एकाच प्रयोगशाळेत जायचा. तिथले लोक लिहायचे की या थर्मामीटरच्या आकड्यात किती मिळवा म्हणजे खरं तापमान मिळेल. या वर्षी तो दुसरीकडे पाठवला. तिथले लोक लिहितात की हा थर्मामीटर किती चुकतो. थर्मामीटर होता तसाच होता, ०.१३ अंशानं कमी दाखवायचा. जुने लोक अधिक ०.१३ लिहायचे, नव्यांनी उणे ०.१३ लिहिलं. दोघंही आपापल्या जागी बरोबर. आणि बाईंनी तो नवा आकडा उचलून जुन्याच जागी तक्त्यात भरला. जिथे मिळवायचं तिथे तक्ता वजा करू लागला. तक्ता तपासल्याची सहीही बाईंचीच.

पाच आठवडे कुणाच्या लक्षात आलं नाही. मग ही मुलगी सात वर्षांचा आलेख काढायला बसली. सहा ठिपके एका रांगेत आणि सातवा एकदम खाली. ती आलेख घेऊन बाईंकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, सहा वर्षं शहाण्यासारखा वागलेला थर्मामीटर एका वर्षात उलटा फिरला, हे कशावरून?"

"तिथून तसं आलंय, प्रमाणपत्र बघ ना," बाई म्हणाल्या होत्या. जरा तुटकपणेच.

मुलगी गेली. शुद्ध पाण्याचा बर्फ कुटला, भांडं भरलं, त्यात संदर्भ थर्मामीटर बुडवला. बर्फाचं तापमान शून्य, त्यात वाद नाही. थर्मामीटरनं दाखवलं उणे ०.१३. म्हणजे तो अजूनही कमीच दाखवत होता, आणि त्यात मिळवायलाच हवं होतं. तिनं तो कागद बाईंपुढे ठेवला. बाईंच्या पायाखालची जमीन सरकली.

पुढचं सगळं बाईंनी नियमाप्रमाणे केलं. त्रेचाळीस प्रमाणपत्रं परत मागवली, ग्राहकांना कळवलं, सुधारित प्रमाणपत्रं पाठवली. त्यातले दोन थर्मामीटर हॉस्पिटलच्या लसींच्या फ्रिजचे होते. ते मर्यादेत आहेत असं आपण लिहून दिलं होतं, आणि ते मर्यादेबाहेर होते. बाई स्वतः हॉस्पिटलमध्ये गेल्या, ते दोन्ही बदलायला लावले. लसी वाया गेल्या नव्हत्या, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

पण चुकांची नोंद करायच्या वहीत 'कुणाच्या लक्षात आलं' असा एक रकाना होता. बाईंनी तिथे लिहिलं, 'अंतर्गत तपासणी'. खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. आणि त्या शुक्रवारच्या बैठकीत प्रयोगशाळेचे मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडमच्या नजरेतून काही सुटत नाही, म्हणून आपण वाचलो." टाळ्या वाजल्या. मुलगी मागच्या रांगेत उभी होती, तीही टाळ्या वाजवत होती. बाई काहीच बोलल्या नाहीत. तेव्हापासून दोन महिने झाले, आणि ते न बोलणं बाईंना सलत होतं.

अकरा वाजता एचआरचा अधिकारी आला. त्याला सगळे 'फॉर्मवाले' म्हणत, कारण त्याच्याशी कुठलीही गोष्ट बोला, शेवट फॉर्मवर व्हायचा.

"मेल पाहिलात ना मॅडम?" तो खुर्ची ओढत म्हणाला. "छान लिहिलाय. पण काय आहे, काकांची जागा मंजूर यादीतून काढलीय. आर्थिक वर्ष संपलं, जागा भरली नाही, गेली. परत हवी तर तुमची शिफारस लागेल आणि मालकांची सही. अठरा दिवसांत."

"फॉर्म असेलच."

"आणलाय," त्यानं लगेच फाईलमधून काढला.

बाईंनी तिथल्या तिथे भरला. मेहनती, वक्तशीर, शिकण्याची तयारी, सहकाऱ्यांशी सौजन्यानं वागते. फॉर्मवाल्यानं वाचला आणि हळूच परत सरकवला.

"मॅडम, रागावू नका. पण या वर्षी मी असे आठ फॉर्म वाचले. आठही जणी मेहनती, आठही जणी वक्तशीर. मालक हा बघतील आणि म्हणतील, मुलगी चांगली आहे, प्रमाणपत्र द्या, निरोपाला केक आणा."

"मग काय लिहू?"

त्यानं खालच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे छापलेलं होतं: 'या व्यक्तीनं असं काय केलं, जे तिच्याशिवाय झालं नसतं?'

"इथे काहीतरी ठोस हवं," तो म्हणाला. "असेल तर जागा परत येईल. नसेल तर माझ्याही हातात काही नाही." फॉर्म टेबलावर ठेवून तो गेला.

बाई त्या रकान्याकडे बघत बसल्या. त्यांच्याकडे ठोस होतं. इतकं ठोस की लिहिलं तर मुलीची नोकरी पक्की, आणि अठ्ठावीस वर्षांत नाकावर माशी बसू न दिलेल्या बाईंच्या नावावर मात्र कायमचा डाग. चूक झाली हे मालकांना माहीत होतं. ती बाईंची होती, आणि शाबासकी दुसरीच्या वाट्याची होती, हे माहीत नव्हतं. काचेपलीकडे मुलगी बर्फ कुटत होती. हातमोजे दोन मापांनी मोठे, आणि चेहऱ्यावर परीक्षेला बसल्यासारखी एकाग्रता. बाईंच्या मनात आलं, ही बिचारी भिऊन गप्प बसली. साहेबाची चूक काढलेली इंटर्न कुणाला हवी असते?

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा शाळेत गणित शिकवायचा. त्यानं मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, यावरूनच बाईंना कळलं की प्रकरण गंभीर आहे.

"अहो, काहीतरी बोला ना."

"काय बोलू? तू ठरवून बसली आहेस."

"मी कुठे ठरवलंय?"

"मग मला कशाला सांगितलंस? दोन महिने मूग गिळून बसलीस तेव्हा नाही सांगितलंस. आता सांगतेयस म्हणजे लिहिणार आहेस. फक्त आधी कुणासमोर तरी मोठ्यानं म्हणून बघायचं होतं."

बाईंना राग आला. पंचवीस वर्षांच्या संसारात नवरा बरोबर असला की त्यांना हमखास राग यायचा. चहाचा कप तसाच टाकून त्या निघाल्या.

प्रयोगशाळेत आल्यावर त्या आधी कपाटाकडे गेल्या. चुकांच्या नोंदीची वही काढली. तिथे लिहिलेलं खोडून काळं करायचं नाही, त्यावर पांढरी शाई लावायची नाही, हा पहिला नियम. काय लिहिलं होतं ते दिसलंच पाहिजे. बाईंनी 'अंतर्गत तपासणी' या शब्दांवरून एकच आडवी रेघ मारली. वर लिहिलं, 'इंटर्न, संदर्भ थर्मामीटरचा आलेख काढताना'. शेजारी छोटी सही, आजची तारीख. 'कारण' या रकान्यात आधी 'प्रमाणपत्राच्या मांडणीतील बदल' असं होतं. त्यापुढे त्यांनी जोडलं, 'प्रयोगशाळाप्रमुखांनी तक्ता न पडताळता मंजूर केला'. पुन्हा छोटी सही, तारीख. 

मग फॉर्म. त्या रकान्यात त्यांनी तीन ओळींत सगळं लिहिलं आणि एचआरमार्फत पाठवायचं सोडून स्वतःच मालकांच्या खोलीत गेल्या. सोबत वही घेतली.

मालक फॉर्म वाचू लागले. मधल्या ओळीपाशी थांबले, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मॅडम, तेव्हा मी सगळ्यांसमोर तुमचं कौतुक केलं होतं."

"हो. आणि मी ते घेतलं."

"तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"लाज वाटली," बाई म्हणाल्या. "दुसरं काही कारण नाही."

मालकांनी वही चाळली. ती आडवी रेघ त्यांनी बोटानं चाचपून पाहिली.

"हे प्रयोगशाळेच्या तपासणीला येणारे लोक बघतील. विचारतील."

"विचारू दे. मी सांगेन."

"आणि ही मुलगी. आज तिनं तुमची चूक काढली. उद्या माझी काढली तर?"

"काढेलच," बाई म्हणाल्या. "तुम्ही जर कमी दाखवत असाल, तर तिच्या आलेखात तुमचाही ठिपका खाली दिसेल."

मालकांनी वर बघितलं. बाईंना वाटलं, आपण जास्त बोललो. पण मालक खो खो हसले. हसता हसता त्यांनी जागेच्या मंजुरीवर सही केली आणि म्हणाले, "सहा महिने परिवीक्षा, मग कायम. पण एक अट. शुक्रवारी मी काही बोलणार नाही. मी एकदा चुकीचं बोललोय. आता तुम्ही बोला."

शुक्रवारी बाई बोलल्या. ज्या खोलीत टाळ्या घेतल्या होत्या, तिथेच उभं राहून. आधी नवऱ्यासमोर दोनदा म्हणून पाहिलं होतं, तरी पहिल्या वाक्याला त्या अडखळल्या. मग त्यांनी समोरच्या पंधरा-वीस चेहऱ्यांकडे बघायचं सोडलं आणि सरळ मागच्या रांगेत बघितलं.

"दोन महिन्यांपूर्वी आपली त्रेचाळीस प्रमाणपत्रं चुकली. चूक माझी होती. तक्ता मी भरला, मीच तपासला, म्हणजे तपासलाच नाही. ती चूक मी शोधली असं तुम्हाला वाटलं आणि मी तसं वाटू दिलं. शोधली हिनं. मी तिला नीट उत्तरसुद्धा दिलं नाही, तरी ती जाऊन बर्फ कुटून बसली आणि पुरावा घेऊन आली. तिच्यामुळे दोन फ्रिजमधल्या लसी वाचल्या. अठ्ठावीस वर्षांत माझ्या हाताखाली बरेच जण शिकले. मला चुकीचं ठरवण्याइतकं कुणीच शिकलं नव्हतं. ही शिकली. मला तिचा अभिमान वाटतो, आणि थोडासा माझाही वाटतो, कारण तिला बर्फ कुटायला मी शिकवलं."

हशा झाला. मग टाळ्या, या वेळी आधीपेक्षा मोठ्या, आणि त्या सगळ्या मागच्या रांगेकडे वळलेल्या. मुलगी कानापर्यंत लाल झाली होती. बाईंना वाटलं होतं आपलं तोंड उतरेल. उलट दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांना मान ताठ करून श्वास घेता आला. फॉर्मवाला पुढे आला आणि त्यानं नियुक्तीपत्राचं पाकीट मुलीच्या हातात ठेवलं. "सही करायच्या दोन प्रती आहेत," तो म्हणाला, "आणि सोबत एक फॉर्म."

खोली रिकामी झाली. मुलगी पाकीट छातीशी धरून तिथेच घुटमळत राहिली.

"मॅडम, थँक्यू."

"माझे कसले आभार? नोकरी तू मागितलीस. आमच्या वेळी आम्ही कुणी बोलावतंय का याची वाट बघत बसायचो. तू सरळ लिहिलंस की मला हे हवंय." बाई खुर्ची पुढे सरकवून बसल्या. "पण एक सांग. मेलमध्ये तू सगळं लिहिलंस. बर्फाच्या भांड्याची कार्यपद्धतीसुद्धा लिहिलीस. ही एवढी मोठी गोष्ट नाही लिहिलीस. मला घाबरलीस का?"

"नाही मॅडम."

"मग माझी दया आली?"

"तसंही नाही." मुलीनं पाकिटाची कड बोटानं सरळ केली. "लिहिलं होतं. पहिल्या मसुद्यात सगळ्यात वर तेच होतं. मग काढलं."

"का?"

"ते माझ्या तोंडून आलं असतं तर मालकांनी मला घेतलंच असतं, हे मला माहीत होतं. पण मला इथे तुमच्या हाताखाली शिकायचं होतं, आणि तुम्ही ते सांगाल की नाही हे मला माहीत नव्हतं."  मग नेहमीच्याच सरळपणानं म्हणाली, "तुम्ही नसतं लिहिलंत, तर मला इथे राहायचं नव्हतं."

 बावीस वर्षांची मुलगी, आणि तिनं सहा महिने बाईंना मोजलं होतं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

"बस इथे," त्या म्हणाल्या. "दोन्ही प्रतींवर माझ्यासमोर सही कर. मला बघायचीय."